पासवर्डगळतीची सूचना

पासवर्डगळतीची सूचना म्हणजे ब्राउझरने किंवा फोनने वापरकर्त्यास दिलेला एक इशारा होय. साठवून ठेवलेला एखादा पासवर्ड चोरीस जाऊन उघड झालेल्या पासवर्डांच्या संग्रहात आढळला आहे, असे या इशाऱ्यात सांगितलेले असते. गुगलचा क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज हे ब्राउझर आणि ॲपलच्या आयफोनमधील पासवर्डव्यवस्था अशी सूचना देतात. इशाऱ्यासोबत बहुधा 'पासवर्ड बदला' असे बटण असते. ते बटण ज्या खात्याकडे नेते तेच खाते सर्वप्रथम बदलण्याजोगे असते, असे मात्र नाही. बहुतेक प्रसंगी पहिला क्रमांक ईमेल खात्याचा लागतो. त्याची कारणे आणि बदलाचा क्रम या लेखात दिला आहे.

## सूचनेचा नेमका अर्थ

सूचनेत ज्या संकेतस्थळाचे नाव दिसते, त्या संकेतस्थळावरून माहिती फुटली असा समज सर्रास होतो. वस्तुतः ते नाव पासवर्ड कोणत्या संकेतस्थळासाठी साठवला आहे, एवढेच सांगते. एखाद्याने रेल्वे आरक्षणाच्या खात्यासाठी आणि किराणा मागविण्याच्या ॲपसाठी एकच ईमेल पत्ता व एकच पासवर्ड वापरला असेल आणि गळती किराणा ॲपची झाली असेल, तर इशारा दोन्ही नोंदींवर येतो. रेल्वे आरक्षणाचे संकेतस्थळ पूर्णपणे सुरक्षित असले तरीही तेथील नोंद लाल रंगात दिसते. म्हणून 'हे संकेतस्थळ हॅक झाले' असा निष्कर्ष केवळ सूचनेवरून काढता येत नाही.

दुसरा भेद सूचना देणाऱ्या व्यवस्थांमधील आहे. क्रोम वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड यांची जोडी तपासतो. ती जोडी जशीच्या तशी संग्रहात असेल तरच इशारा येतो. ॲपलची व्यवस्था पासवर्ड गळतीच्या यादीत आहे का हे पाहते. तो कोणाच्या नावाने फुटला हा प्रश्न तेथे गौण आहे. त्यामुळे आयफोनवरील इशाऱ्याचा अर्थ 'हाच पासवर्ड जगात कोणीतरी वापरला होता आणि तो फुटला' इतकाच असू शकतो. गावाचे नाव, @ हे चिन्ह आणि 123 अशा घडणीचे पासवर्ड अनेकांना स्वतंत्रपणे सुचतात, म्हणून अशी जुळणी दुर्मीळ नाही. दोन्ही प्रकारांत पासवर्ड बदलणे आवश्यकच असते. फरक निकडीचा आहे. जोडी फुटली असेल तर चोराच्या हाती नाव व किल्ली दोन्ही असतात; नुसता पासवर्ड फुटला असेल तर ती किल्ली कोणत्या कुलपाची हे त्याला अजून शोधावे लागते.

सूचनेची जागाही लक्षात घ्यावी लागते. क्रोममध्ये ती संकेतस्थळावर प्रवेश करताच उमटते किंवा पासवर्ड व्यवस्थापकातील तपासणीत दिसते. आयफोनमध्ये ती पासवर्डांच्या यादीतील सुरक्षा शिफारशींमध्ये दिसते. तेथे इंग्रजीत This password has appeared in a data leak असे वाक्य असते. ही सोय आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोनमध्ये आहे. क्रोममध्ये ती डिसेंबर २०१९ मध्ये अंतर्भूत झाली. त्यापूर्वी त्याच वर्षी फेब्रुवारीत गुगलने तिचे स्वतंत्र विस्तारक प्रसिद्ध केले होते.

## तपासणी कशी होते

पासवर्ड गळला आहे हे ब्राउझरला कळते, म्हणजे ब्राउझर बनविणारी कंपनी आपले पासवर्ड वाचते की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या तपासणीची रचना ती गरज पडू नये अशीच केलेली आहे. ऑस्ट्रेलियातील संगणक सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेची पद्धत समजण्यास सर्वांत सोपी आहे.

पासवर्डावर एक ठरावीक गणिती क्रिया केली की ठरावीक लांबीची अक्षरमालिका मिळते. तिला हॅश म्हणतात. हॅशवरून उलट गणित करून मूळ पासवर्ड काढता येत नाही. मात्र एखादा अंदाज घेऊन त्याचा हॅश काढता येतो आणि तो जुळतो का हे पाहता येते. password या शब्दाचा एसएचए-१ पद्धतीचा हॅश ४० अक्षरांचा असून तो पुढीलप्रमाणे आहे:

```
5BAA61E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

तपासणी करणारे उपकरण यातील पहिली पाचच अक्षरे सेवेकडे पाठविते:

```
https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6
```

उत्तरादाखल या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व गळलेल्या हॅशांची उरलेली ३५ अक्षरे आणि प्रत्येक हॅश किती वेळा आढळला ती संख्या येते. त्या यादीत आपला हॅश आहे का हे उपकरण स्वतःपाशीच पाहते. पाच अक्षरांचे १०,४८,५७६ गट होतात. प्रत्येक गटात शेकडो हॅश असल्यामुळे विचारणारा नेमका कोणता पासवर्ड तपासत होता हे सेवेला कळत नाही. ही गटवार विचारणा फेब्रुवारी २०१८ पासून उपलब्ध आहे. वरील पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यास यादी कोणालाही पाहता येते. क्रोमची पद्धत याहून गुंतागुंतीची आहे, कारण ती जोडी तपासते आणि हॅशवर आणखी एक सांकेतिक आवरण घालते. पण थोडासा भाग पाठवून गट मागवायचा आणि जुळणी स्वतःपाशी करायची, हे सूत्र तेच आहे.

## गळती आणि सूचना यांमधील काळ

भारतातील ठळक उदाहरण बंगळूर येथील बिगबास्केट या किराणा विक्री कंपनीचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती चोरीस गेली. ती प्रथम विक्रीस ठेवली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्यात नावे, ईमेल पत्ते, दूरध्वनी क्रमांक, घरचे पत्ते, जन्मतारखा आणि हॅश स्वरूपातील पासवर्ड होते. हॅश एसएचए-१ पद्धतीचे होते. ही पद्धत अतिशय वेगवान असल्याने संगणकाला अल्पकाळात प्रचंड संख्येने अंदाज करून पाहता येतात, आणि सोपे पासवर्ड लवकर उघडे पडतात. लांब व यादृच्छिक पासवर्ड असलेल्या ग्राहकाचा हॅशही त्याच धारिकेत होता. परंतु त्यावरून त्याचा पासवर्ड काढणे व्यवहारात शक्य नव्हते.

लिंक्डइनच्या प्रकरणात हे अंतर अधिक लांबले. २०१२ च्या जून महिन्यात या संकेतस्थळाचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले. चोरीची खरी व्याप्ती मे २०१६ मध्ये समोर आली. तेव्हा ११ कोटी ७० लाख खात्यांचे ईमेल पत्ते व पासवर्डांचे हॅश विक्रीस आले होते. चार वर्षे ही माहिती कोणाकडे तरी होती आणि बहुसंख्य खातेदारांना त्याचा पत्ता नव्हता.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. आज आलेली सूचना आजच्या चोरीची असतेच असे नाही. ती कित्येक वर्षांपूर्वीच्या चोरीची असू शकते, आणि मधल्या काळात त्या पासवर्डाचा गैरवापर होऊन गेलेला असू शकतो. म्हणून नवा पासवर्ड ठेवण्याबरोबर खात्यात मागे काही घडले का हेही तपासावे लागते. दुसरे असे की कंपनीकडून कळविले जाईल या भरवशावर राहता येत नाही. भारतात संगणक सुरक्षाविषयक घटना सर्ट-इन या केंद्रीय संस्थेस सहा तासांच्या आत कळविण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. पण हे कळविणे शासनास आहे, ग्राहकास नव्हे.

## एक पासवर्ड, अनेक खाती

गळलेल्या जोड्यांचा वापर चोर हाताने करीत नाहीत. संगणकीय आज्ञावली लाखो जोड्या घेऊन त्या ईमेल, बँक, खरेदी व समाजमाध्यमांच्या प्रवेशपानांवर एकापाठोपाठ एक टाकून पाहते. जेथे दार उघडते ती खाती वेगळी काढली जातात. २०२३ मध्ये जनुकीय चाचणी करणाऱ्या २३अँडमी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत अशाच रीतीने प्रवेश मिळविला गेला. इतरत्र फुटलेले पासवर्ड ग्राहकांनी येथेही वापरले होते. त्या खात्यांतून नातेवाईक शोधण्याच्या सोयीमार्गे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली.

पासवर्डात किरकोळ फेरफार केल्याने यापासून बचाव होत नाही. शेवटच्या 123 चे 124 करणे, पहिले अक्षर मोठे करणे, शेवटी वर्ष जोडणे हे बदल माणसे सर्वत्र सारख्याच पद्धतीने करतात; त्यामुळे असे पर्याय करून पाहण्याचे नियम आज्ञावलीत आधीच घातलेले असतात. अशा नव्या पासवर्डावर सूचना येणे थांबते, कारण तो संग्रहात जसाच्या तसा नसतो. इशारा गेला आणि धोका राहिला, अशी ही स्थिती आहे.

## प्रथम काय बदलावे

बदलाचा क्रम ठरविण्यासाठी एकच प्रश्न उपयोगी पडतो: या खात्याच्या आधारे दुसरी कोणती खाती उघडता येतात? किराणा ॲपच्या खात्यातून फार तर किराणा मागविता येतो आणि पत्ता वाचता येतो. ईमेल खात्यातून मात्र 'पासवर्ड विसरलात?' ही कळ दाबून जवळपास प्रत्येक इतर खात्याचा पासवर्ड नव्याने ठेवता येतो, कारण त्यासाठीचा दुवा ईमेलवरच येतो. चोर ईमेलमध्ये असताना इतर वीस पासवर्ड बदलले, तरी तो ते वीसही पुन्हा बदलू शकतो. म्हणून ईमेलचा पासवर्ड गळलेल्या पासवर्डाशी समान किंवा सारखा असल्यास, सूचनेत नाव कोणत्याही खात्याचे असले तरी, आरंभ ईमेलपासून करावा. अँड्रॉइड फोनवर हे अधिकच लागू पडते. तेथे जीमेलचा पासवर्ड हा छायाचित्रे, संपर्कयादी आणि साठवलेल्या पासवर्डांच्या संपूर्ण यादीचाही पासवर्ड असतो.

ईमेलचा पासवर्ड पूर्णपणे वेगळा असेल आणि तो गळलेला नसेल, तर त्यास हात लावण्याची घाई नाही. अशा वेळी सूचनेतील खाते प्रथम येते.

ईमेलनंतर पैशांशी थेट संबंध असलेली खाती घ्यावीत: नेट बँकिंग, कार्ड साठवलेली खरेदीची खाती, पाकीट ॲप. येथे एक खुलासा आवश्यक आहे. यूपीआय व्यवहार संकेतस्थळाच्या पासवर्डावर चालत नाहीत. यूपीआय ॲप फोनमधील सिमकार्डाशी व त्या उपकरणाशी जोडलेले असते आणि सामान्यतः देयकासाठी चार किंवा सहा अंकी पिन लागतो. म्हणून खरेदीच्या ॲपचा पासवर्ड फुटल्याने यूपीआयमधील पैसे आपोआप जात नाहीत. मात्र पासवर्डातील आकडे आणि पिन एकच ठेवलेले असतील, किंवा जन्मतारीख हाच पिन असेल, तर पिनही बदलणे योग्य ठरते. बिगबास्केटच्या गळतीत जन्मतारखाही होत्या.

त्यानंतर ज्या खात्यांतून आपल्या नावाने बोलता येते ती खाती, म्हणजे इन्स्टाग्राम, फेसबुक इत्यादी. यांतून पैसे जात नाहीत. ओळखीच्या लोकांकडे खातेदाराच्या नावाने पैसे मागितले जातात. उरलेली खाती, उदाहरणार्थ एकदाच वापरलेले खेळाचे किंवा कूपनांचे संकेतस्थळ, सवडीने पाहता येतात. त्यांपैकी बरीच खाती बंद करणेच अधिक सोयीचे असते.

## बल्लारपूर येथील एका विद्यार्थ्याचे उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. त्यातील परिस्थिती मात्र चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक विद्यार्थ्यांची असते. बल्लारपूर येथे राहणारा आणि गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी आहे. दहावीनंतर प्रवेशाचा व शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना इंटरनेट सुविधा केंद्राच्या चालकाने त्याला जीमेल खाते उघडून दिले. पासवर्ड Ballarpur@123 ठेवला आणि तो अर्जाच्या छापील प्रतीवर पेनाने लिहून दिला. पुढे २०१९ मध्ये पुण्याला नोकरीस असलेल्या भावाकडे गेला असता त्याने त्याच ईमेलने व त्याच पासवर्डाने बिगबास्केटवर खाते उघडले. रेल्वे आरक्षण, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ आणि इन्स्टाग्राम येथेही तोच पासवर्ड आहे. बँकेचे ॲप सहा अंकी पिनवर चालते. एके दिवशी क्रोममध्ये irctc.co.in च्या नोंदीवर इशारा येतो.

इशाऱ्यावर बोट ठेवून तो रेल्वेचा पासवर्ड बदलून मोकळा झाला, तर मूळ दार उघडेच राहते. त्याने प्रथम तपासणीचे पान उघडावे. संगणकावरील क्रोममध्ये पत्त्याच्या जागी पुढील ओळ टाकली की ते उघडते:

```
chrome://password-manager/checkup
```

येथे Compromised, Reused व Weak असे तीन गट दिसतात. पहिल्या गटात त्याला रेल्वे आरक्षण व बिगबास्केट अशा दोन्ही नोंदी सापडतील. दुसरा गट हा पासवर्ड आणखी कोठे वापरला आहे ते सांगेल. हा दुसरा गट बहुतेक जण उघडतच नाहीत. कामाची यादी मात्र तीच असते. जीमेलचा पासवर्ड क्रोममध्ये साठवलेला नसेल तर तो कोणत्याच गटात दिसणार नाही, म्हणून तो आठवणीनेच विचारात घ्यावा लागतो.

त्यानंतर त्याने myaccount.google.com येथे जाऊन जीमेलचा पासवर्ड बदलावा. पण त्या आधी एक नजर खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेल्या क्रमांकावर टाकावी. खाते केंद्रचालकाने उघडले असल्याने तेथे त्याच्या दुकानाचा मोबाइल क्रमांक असण्याची शक्यता मोठी आहे. यात चालकाचा वाईट हेतू असतो असे नव्हे. खाते उघडताना पडताळणीचा संदेश घेण्यासाठी त्या क्षणी हाताशी असलेला फोन दिला जातो, इतकेच. परंतु तो क्रमांक तसाच राहिल्यास नवा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी खाते दुसऱ्याच्या फोनवरून परत मिळविता येते. क्रमांक बदलल्यानंतरही जुन्या क्रमांकावर पडताळणीचा संदेश पाठविण्याचा पर्याय गुगल सात दिवसांपर्यंत देऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

पासवर्ड बदलल्यावर बहुतेक इतर उपकरणांवरून खाते आपोआप बाहेर पडते, सर्वांवरून नव्हे. म्हणून Your devices या यादीत अनोळखी फोन किंवा केंद्रातील संगणक राहिला आहे का हे पाहून तो काढून टाकावा. शेवटी जीमेलच्या सेटिंगमधील Forwarding and POP/IMAP आणि Filters and Blocked Addresses ही दोन पाने तपासावीत. पूर्वी कोणी खात्यात शिरले असेल, तर येणारा प्रत्येक ईमेल दुसरीकडे पाठविण्याचा किंवा बँकेचे ईमेल परस्पर नाहीसे करण्याचा नियम त्याने घालून ठेवलेला असू शकतो. असा नियम पासवर्ड बदलल्याने जात नाही.

ईमेल झाल्यावर शिष्यवृत्तीचे खाते घ्यावे, कारण तेथे कागदपत्रे व वैयक्तिक माहिती असते आणि अर्जाच्या मुदतीत ते हातचे गेले तर वर्षाचे नुकसान होते. मग रेल्वे आरक्षण, इन्स्टाग्राम आणि शेवटी बिगबास्केट. गळती जेथे झाली ते खाते यादीत तळाला जावे हे विचित्र वाटते. पण तेथे जे चोरीस जायचे ते गेलेले आहे. बँकेच्या ॲपचा पिन वेगळा असल्यास त्यास हात लावण्याचे कारण नाही.

## बदल करताना येणाऱ्या अडचणी

नवा पासवर्ड कोठे बसून ठेवला जातो याला महत्त्व आहे. सगळे पासवर्ड कंपन्यांच्या संगणकांतूनच फुटतात असे नाही. वापरकर्त्याच्या किंवा इंटरनेट केंद्राच्या संगणकात शिरलेली चोर आज्ञावलीही ब्राउझरमध्ये साठवलेले आणि टंकलेले पासवर्ड उचलते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड'मध्ये अशा चोर आज्ञावल्यांनी गोळा केलेल्या माहितीतील २८ कोटी ४० लाख ईमेल पत्ते जोडले गेले. एकमेकांशी संबंध नसलेल्या आणि निरनिराळे पासवर्ड असलेल्या अनेक खात्यांवर एकाच वेळी इशारा आला, तर हे कारण संभवते. तसे असल्यास त्याच संगणकावर ठेवलेला नवा पासवर्डही चोराकडे जातो. अशा वेळी बदल दुसऱ्या, स्वतःच्या उपकरणावरून करावा.

गडचिरोलीच्या अंतर्भागात संपर्क क्षीण असतो तेथे आणखी एक अडचण येते. पडताळणीचा संदेश मुदत संपल्यावर पोहोचतो, किंवा 'बदला' ही कळ दाबल्यावर पान अडकते आणि बदल झाला की नाही हे कळत नाही. मग ब्राउझरकडे जुना पासवर्ड राहतो व संकेतस्थळावर नवा लागू होतो, किंवा याच्या उलट होते. यावर उपाय साधा आहे. बदल झाल्यावर त्या उपकरणावर आधीचे पान उघडे ठेवून खासगी खिडकीत नव्या पासवर्डाने एकदा प्रवेश करून पाहावा आणि मगच पुढचे खाते घ्यावे. दुहेरी पडताळणी सुरू केल्यास गुगल आठ अंकी दहा पर्यायी संकेत देते. प्रत्येक संकेत एकदाच चालतो आणि त्यासाठी मोबाइलचा संपर्क लागत नाही. ते कागदावर उतरवून घरी ठेवणे अशा भागात विशेष उपयोगाचे आहे. संदेश न आल्यास पुन्हा पुन्हा मागणी करू नये. अनेक संकेतस्थळांवर नवा संदेश मागविताच आधीचा रद्द होतो, आणि उशिरा आलेला पहिला संदेश टाकल्यास तो चुकीचा ठरतो.

नवा पासवर्ड ब्राउझरनेच सुचविलेला घेणे बहुतेकांस सोयीचे पडते, कारण तो लक्षात ठेवावा लागत नाही. ईमेलचा पासवर्ड मात्र याला अपवाद आहे. फोन हरवल्यास तोच प्रथम लागतो. म्हणून तो चार-पाच असंबद्ध शब्दांचा, लांब आणि पाठ करता येण्याजोगा असावा.

## खोट्या सूचना

खऱ्या सूचनेची नक्कल करणारी पानेही असतात. खरी सूचना ब्राउझरच्या किंवा फोनच्या स्वतःच्या चौकटीत येते. ती दूरध्वनी क्रमांक देत नाही, ॲप उतरवून घेण्यास सांगत नाही आणि तपासणीसाठी जुना पासवर्ड टंकण्यास सांगत नाही. संकेतस्थळाच्या पानावर उमटलेला, मोजणीचे घड्याळ असलेला किंवा कर्कश आवाज करणारा इशारा खोटा समजावा. एसएमएस वा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्याबाबतही हेच लागू आहे. संशय असल्यास दुवा न उघडता पासवर्ड व्यवस्थापक स्वतः उघडून पाहावा. सूचना खरी असेल तर ती तेथे असतेच.

खात्यातून पैसे गेल्याचे आढळल्यास पासवर्ड बदलण्यात वेळ न घालविता प्रथम बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठविता येते. तक्रार cybercrime.gov.in येथेही नोंदविता येते.

## मर्यादा

सूचना न येणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. जी चोरी अद्याप उघड झालेली नाही, किंवा जिची माहिती संग्रहात आलेली नाही, तिच्याविषयी ब्राउझर काही सांगू शकत नाही. लिंक्डइनच्या बहुसंख्य खातेदारांची २०१२ ते २०१६ या काळात हीच स्थिती होती. ब्राउझरमध्ये न साठवलेले पासवर्डही पासवर्ड व्यवस्थापकातील तपासणीच्या बाहेर राहतात. याउलट काही इशारे निरुपद्रवी असतात. घरच्या वायफाय राउटरच्या 192.168.1.1 या पानासाठी admin हेच नाव व हाच पासवर्ड साठवला असेल, तर ती जोडी संग्रहात असल्याने इशारा येतो. तेथे काही चोरीस गेलेले नसते. राउटरचा मूळ पासवर्ड बदलण्याचे ते एक निमित्त मात्र ठरते. बंद पडलेल्या संकेतस्थळाची नोंद व्यवस्थापकातून पुसून टाकावी. इशारा नुसता दडविण्याचीही सोय असते, पण त्याने पासवर्डाची स्थिती बदलत नाही.

इशारा मिळाल्यावर लोक काय करतात याचा गुगल व स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अभ्यास केला. सुमारे ६ लाख ७० हजार वापरकर्त्यांच्या नोंदींत १.५ टक्के प्रवेश गळलेल्या जोडीने होत असल्याचे आढळले, आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी २६ टक्क्यांनंतर पासवर्ड बदलला गेला.

पासवर्ड बदलता येतो. त्याच धारिकेत गेलेली जन्मतारीख, घरचा पत्ता आणि बहुधा मोबाइल क्रमांकही बदलता येत नाही. गळतीनंतर कित्येक महिन्यांनी खातेदाराला दूरध्वनी येतो, बोलणारा त्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि जुन्या मागणीचा तपशील अचूक सांगतो, आणि मग परतावा देण्यासाठी ओटीपी मागतो. एवढी माहिती असल्याने तो कंपनीचाच माणूस असावा असे वाटते; ती माहिती मात्र त्या धारिकेतून कोणालाही मिळू शकते.